प्रतिसाद: Nγ सगळ्यांचा वेगळा का?

> "φ 30°, 2 मीटरचं चौकोनी फूटिंग, तरी हॅन्सन आणि मेयरहॉफची उत्तरं इतकी लांब का?"

पायाखालच्या मातीच्या भारधारण क्षमतेच्या सूत्रात Nq हॅन्सन, मेयरहॉफ, वेसिक या तिघांचा एकच, 18.4. वजनरहित माती धरली की त्याचं नेमकं उत्तर निघतं. मातीचं स्वतःचं वजन धरलं की तसं सुटसुटीत सूत्र निघत नाही, म्हणून Nγ प्रत्येकानं आपापल्या अंदाजानं बसवला: हॅन्सन 15.1, मेयरहॉफ 15.7, वेसिक 22.4. आपल्या आयएस 6403 मध्ये वेसिकचाच आकडा आहे.

पण तुमची खरी गफलत आकार गुणकात आहे. घोडबंदर रोडच्या एका साइटवर मुरुमाच्या भरावासाठी मी हेच मांडलं होतं. γ 18 धरून, खोलीचे गुणक सोडून, फक्त रुंदीचं पद बघा. 0.5γB म्हणजे 18.

हॅन्सन: 18 × 15.1 × 0.6 = 163
वेसिक: 18 × 22.4 × 0.6 = 242
मेयरहॉफ: 18 × 15.7 × 1.3 = 367

चौकोनी फूटिंगला हॅन्सन-वेसिक हे पद कमी करतात, मेयरहॉफ वाढवतो! आमच्या शीटमध्ये कुणीतरी वेसिकच्या Nγ ला मेयरहॉफचा 1.3 जोडला होता. उत्तर 524, तिघांपेक्षाही जास्त. ज्याचा Nγ घ्याल, त्याचेच गुणक घ्या. वाळू-मुरुमात मी हॅन्सननं पडताळून बघतो.