प्रतिसाद: दोन फ्लॅटपैकी कुठला?

> दोन फ्लॅट बघितलेत, एक नवीन टॉवरमधला, एक रिसेलचा. दोन्ही आवडलेत, कुठला घेऊ?

अहो, यावरून कुणालाच काही सांगता येणार नाही. किंमत, एरिया, कार्पेट, बजेट, घरात माणसं किती, ऑफिस-शाळा कुठे, एवढं तरी टाका.

त्यातल्या त्यात कार्पेट आधी काढा, कारण बिल्डर ८५० फूट सांगतो तो सेलेबल, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून, असू शकतो आणि रिसेलवाला ६५० सांगतो तो कार्पेट, मग नवीनवालं उगाच मोठं वाटतं. रेराच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी नाही, त्यामुळे बाल्कनीचा आकडा वेगळा विचारा.

समजा नवीन ७४ लाखांना, सेलेबल ८५०, कार्पेट ५६०. रिसेल ८० लाखांना, कार्पेट ६५०. वरवर नवीन स्वस्त ना? पण बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ७७.७ लाख, भागिले ५६०, साधारण १३,८७५ फुटाला पडला. रिसेलला जीएसटी नाही, तो १२,३०० च्या आसपास. स्टॅम्प ड्युटी दोन्हीकडे आहेच, शिवाय नवीनमध्ये पार्किंग, क्लबहाऊस, मेंटेनन्स डिपॉझिट वेगळं लावतात ते लेखी घ्या, आणि ताबा मिळेपर्यंत भाडं भरत असाल तर तेही त्यातच धरा.

आता रिसेल जुनी असेल तर उलटं पण होतं, लिफ्ट-प्लंबिंगचा खर्च येतो आणि बिल्डिंग फार जुनी असली की बँक लोनची मुदत कमी करते, हप्ता वाढतो. म्हणून बिल्डिंगचं वय पण लिहा, मी हिशोब करून देते.