बोलणं मराठीत, नोंद इंग्रजीत: शेतावरच्या भेटीची वही कोणत्या भाषेत लिहावी?

डोंगरपट्टा: बालाघाटच्या डोंगरातल्या गावांत एका जिल्हा बँकेसाठी इंटर्न म्हणून फिरतोय. दिवसभर मराठीत बोलतो, पण भेटीची नोंद इंग्रजीत लिहायला सांगितलंय. काल एका काकांची पाइपलाइनच्या कर्जासाठी भेट झाली. ते म्हणाले, "दीड एकर भिजतंय, विहीर तिघा भावांची, पाळीनं पाणी." मी लिहिलं, 'इरिगेटेड, ओन वेल'. रात्री वाचलं तेव्हा खटकलं. इंग्रजीतच चालू ठेवू का?

शाखेतला: ठेवा. संगणकातले रकाने इंग्रजी, मुख्य कार्यालय इंग्रजीत वाचतं, आणि रिझर्व्ह बँकेला सगळं इंग्रजीतच लागतं. दोन भाषांत लिहिलं की चुका दुप्पट होतात. तुम्हालाही पुढे नोकरीत हीच सवय कामाला येईल.

निवृत्त तपासणीस: रकाने इंग्रजी असतात, ते बरोबर आहे. पण "रिझर्व्ह बँकेला सगळं इंग्रजीतच" हे खरं नाही. मुदत कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्या, असं तिच्या २०२४ च्या परिपत्रकातच आहे, आणि ते जिल्हा बँकांनाही लागू आहे. भेटीची नोंद मराठीत लिहू नये, असा नियम मी तरी नोकरीत कधी पाहिला नाही.

आता त्या काकांचंच बघा. 'इरिगेटेड, ओन वेल' वाचून वरचा माणूस बारमाही बागायत धरतो आणि उत्पन्न त्या हिशेबानं मांडतो. खरं तर पाणी तिसऱ्या दिवशी मिळतं, आणि माघानंतर विहिरीचा उपसा तासाभरावर आला तर रब्बीची ज्वारी-हरभरा निघेल, ऊस नाही. त्यात पाइपलाइन सामाईक विहिरीवरून जाणार, म्हणजे बाकी दोघा भावांचं संमतीपत्र लागेल. सातबाऱ्यावर इतर हक्कात विहिरीचा हिस्सा चढलाय का, तेही पाहावं लागेल. हे सगळं "तिघा भावांची, पाळीनं" या शब्दांत होतं. 'ओन' लिहिलंत आणि ते गेलं.

क्षेत्राचंही तसंच. काका एकरात बोलतात, सातबारा हेक्टर-आरमध्ये. दीड एकर म्हणजे साठ गुंठे, साधारण ६१ आर. दोन्ही लिहा. आकडे, खातेक्रमांक, पिकाचा कोड खुशाल इंग्रजीत लिहा. माणसाचं वाक्य मात्र त्याच्याच शब्दांत ठेवा.

गोदाकाठ: गावात इंग्रजी बोलूच नका, भाऊ. लोक बिचकतात.

डोंगरपट्टा: बोलतो मराठीतच, दादा. प्रश्न लिहिण्याचा आहे.

लेक शेतकऱ्याची: आमच्या घरी पणजोबांचे निजामाच्या काळातले कागद आहेत, उर्दूत. घरात कुणालाच वाचता येत नाहीत. वाटणीचा वाद निघाला तेव्हा वाचणारा शोधत दोन तालुके फिरलो. वडिलांनी परवा ट्रॅक्टरच्या इंग्रजी कागदावर मराठीत सही केली. शेजारी "मजकूर समजावून सांगितला" असा शिक्का होता. समजावलं कुणीच नव्हतं. तो कागद बघताना मला पणजोबांचेच कागद आठवले.

शाखेतला: ताई, तो कागद कर्जदाराचा, त्याबद्दल माझा वाद नाही. ही वही बँकेची आतली आहे. उद्या दुसऱ्या भागातला अधिकारी आला तर त्याला "चोपण", "बरड", "नवं-जुनं" काय कळणार?

निवृत्त तपासणीस: "नवं-जुनं" तुम्हीच काढलंत ते बरं झालं. पीक कर्ज वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंत बिनव्याजी पडतं, म्हणून मार्चअखेर जवळ आली की माणूस आठ-दहा दिवसांसाठी हातउसने आणतो. सोसायटीचं खातं निरंक करतो, नवं कर्ज उचलतो, त्यातून उसने परत करतो. खात्यावर वसुली पूर्ण दिसते, पण घरात पीक विकून आलेला रुपया नसतो. शेतकरी सरळ सांगतो, "औंदा नवं-जुनं केलं." इंग्रजी नोंदीत होतं 'रिपेड'. पुढच्या वर्षी पाऊस हुकला आणि उसने देणारा मागे सरला की तेच खातं थकबाकीत जातं, आणि शाखा विचारते, चांगला कर्जदार अचानक का बिघडला? नव्या अधिकाऱ्याला शब्द कळला नाही तर तो विचारेल तरी. 'रिपेड' वाचून कुणी काही विचारत नाही.

शाखेतला: हे पटतं. पण दिवसाला दहा भेटी, रात्री त्या संगणकात इंग्रजीत भरायच्या. मराठी वही वेगळी ठेवायला वेळ कुठून आणायचा? तपासणीला येणारा तर संगणकातलंच वाचतो.

निवृत्त तपासणीस: वेळेची अडचण खरी आहे, तिला माझ्याकडे उत्तर नाही. शेरा रकान्यात मराठी टंकता येतं का, एवढं शाखेत विचारून पाहा.

डोंगरपट्टा: आत्ता वही उघडून बसलोय. चौदा नोंदींत 'रिपेड' लिहिलंय. त्यांतली नवं-जुनं किती, हे मला माझ्याच अक्षरावरून कळत नाही. दोघांचं बोलणं आठवतं. बाकी बारा घरी आठवडी बाजाराचा दिवस सोडून पुन्हा जातो.