संविधान तक्त्यात पर्यायी प्रश्नांचे गुण कसे धरायचे?

नमस्कार. सोलापुरात माध्यमिक शाळेत शिकवतो. नववी विज्ञानाच्या प्रथम सत्राची 40 गुणांची प्रश्नपत्रिका काढतोय.

घटकांचा भार तासिकांवरून काढला: गतीचे नियम 12, कार्य आणि ऊर्जा 8, धाराविद्युत 8, द्रव्याचे मोजमाप 8, आम्ल-आम्लारी-क्षार 4. काठिण्य सोपे 12, मध्यम 20, कठीण 8. इथवर तक्ता आडवा-उभा जुळतो.

घोळ ‘कोणतेही’मुळे होतो. तीन गुणांच्या पाचपैकी तीन सोडवायचे आहेत, म्हणजे छापील 15, मोजायचे 9. त्यात गतीची दोन कठीण उदाहरणं आहेत. मुलं नेमकी तीच सोडणार (आपण तरी काय वेगळं केलं होतं!), मग गतीचे 6 गुण गेले आणि काठिण्यही कोसळलं. त्याच घटकातला, त्याच पातळीचा ‘किंवा’ देऊन पाहिलं. तक्ता टिकतो, पण आम्लासारख्या 4 गुणांच्या घटकात तेवढे प्रश्नच निघत नाहीत. शिवाय शाळेचा आराखडा ठरलेला आहे, ‘कोणतेही’ काढता येत नाही.

तुम्ही तक्त्यात छापील गुण भरता की सोडवायचे? आणि कठीण प्रश्न पर्यायाबाहेर, सक्तीच्या प्रश्नात ठेवता का?