मदत हवी आहे: भाड्याचा फ्लॅट, घरून काम आणि मंजूर भार वाढवण्यासाठी मालकांची मनधरणी

दुपारची_मीटिंग:
पुण्यात सोसायटीतला २ बीएचके, भाड्याने घेतलेला. वीजजोडणी महावितरणची, सिंगल फेज. बिलावर मंजूर भार 2 किलोवॅट. आम्ही दोघंही घरून काम करतो, त्यामुळे दुपारी दोन खोल्यांत दोन एसी (एक दीड टनी, एक एक टनी), दोन कॉम्प्युटर, फ्रिज आणि जेवणाच्या वेळी इंडक्शन चालू असतं. अर्ध्या-पाऊण तासाने तळमजल्यावरच्या मीटर रूममधला आमचा एमसीबी पडतो. तो 20 अँपिअरचा आहे.

मालक काका भले आहेत, पण "बिल वाढेल, कागदपत्रांची भानगड होईल" म्हणून भार वाढवायला तयार नाहीत. तीन प्रश्न आहेत. किती भार मागावा? खर्च कोणी करायचा? आणि काकांना नेमकं काय सांगावं?

चक्रधर७:
एवढं कशाला? 20 चा काढून 32 चा एमसीबी टाका. वायरमन अर्ध्या तासात करून देतो. अर्ज, मालक कशाचीच गरज नाही.

तारजोड:
चक्रधर, 20 अपुरा पडतोय हे तुमचं बरोबर आहे. पण एमसीबी त्याच्यापुढच्या वायरसाठी असतो, उपकरणांसाठी नाही. मीटर रूमपासून फ्लॅटपर्यंत 2.5 चौरस मिमीची वायर असेल, तर 32 चा एमसीबी पडणार नाही आणि पाइपमधली वायर तापत राहील. आधी वायर पाहायची, मग एमसीबी ठरवायचा.

आता मूळ प्रश्न. दुपारचा हिशोब असा धरा: दीड टनी एसी 8 अँपिअर, एक टनी 5, इंडक्शन 8, कॉम्प्युटर-फ्रिज-पंखे मिळून 3. एकूण 24. वीस अँपिअरचा एमसीबी 24 वर लगेच पडत नाही, आत तापत तापत पडतो. मीटर रूमची पेटी बंद आणि गरम असली की आणखी लवकर. तुमचा अर्ध्या-पाऊण तासाचा अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो. एखादं उपकरण लावल्या क्षणी पडत असता, किंवा घरातला आरसीसीबी पडत असता, तर गळती नाहीतर शॉर्ट शोधावा लागला असता. त्याचा भाराशी संबंध नसतो.

24 अँपिअर म्हणजे साधारण साडेपाच किलोवॅट. त्यात कोणी गीझर लावला तर 9 ची भर पडून 33 होतात, म्हणजे साडेसात किलोवॅट. गीझर दुपारी चालवायचा नाही असं ठरवत असाल तर 6 किलोवॅट मागा. उगाच 10 मागू नका. सिंगल फेज 40 अँपिअरपर्यंतच मिळतो, त्यापुढे थ्री फेज. त्याचा स्थिर आकार जास्त आणि घरातली जोडणीही बदलावी लागते.

दुपारची_मीटिंग:
म्हणजे 6 किलोवॅटला काकांचं बिल वाढणार नाही?

तारजोड:
महावितरणच्या घरगुती दरात सिंगल फेजचा स्थिर आकार किलोवॅटवर अवलंबून नाही. 2 चे 6 केले तरी तो तोच राहतो, युनिटचा दरही तोच. वाढू शकते ती सुरक्षा ठेव, कारण ती सरासरी बिलावर काढतात, आणि अर्जाच्या वेळचे एकदाचे शुल्क. काकांना हे त्यांच्याच बिलावर बोट ठेवून दाखवा: फेज, मंजूर भार आणि स्थिर आकार, तिन्ही तिथे छापलेले असतात.

अमृतवेल:
पण "घरून काम" असा शब्द अर्जात लिहू नका! कमर्शिअल दर लावतील.

तारजोड:
दुसऱ्याच्या कंपनीची नोकरी लॅपटॉपवर घरून करणं हा घरातला व्यवसाय होत नाही. घरातून धंदा करणाऱ्यांनाही महिन्याला 300 आणि आधीच्या आर्थिक वर्षात 3600 युनिटपर्यंत घरगुती दर मिळतो. लपवाछपवी नको. कारण "वाढीव घरगुती वापर" असं लिहा, तेच खरं आहे.

नदीकाठ:
आमच्याकडे बिल अजून बिल्डरच्याच नावावर आहे. आम्ही भार वाढवू शकतो का?

तारजोड:
आधी नाव बदलून घ्या. अर्ज बिलावरच्या ग्राहकाचाच लागतो. हेच भाडेकरूलाही लागू आहे: मीटिंगताई, तुम्ही सगळं तयार करून द्या, पण अर्ज काकांच्याच नावाने जाईल आणि ओटीपी त्यांच्या नोंदलेल्या मोबाइलवर येईल. तो नंबर जुना असेल तर गाडी तिथेच अडते, म्हणून आधी तो तपासा.

पोर्टल wss.mahadiscom.in. ग्राहक क्रमांकाने लॉगिन, भार बदलाचा अर्ज, सोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट. मग फर्म कोटेशन येतं, ते भरायचं. गरज असेल तर मीटर बदलतात. पुढच्या बिलात मंजूर भार बदललेला दिसला की काम झालं.

एक लक्षात घ्या, फक्त अर्ज मंजूर झाल्याने एमसीबी पडायचा थांबणार नाही. तो तसाच 20 चा असेल. टेस्ट रिपोर्टच्याच भेटीत ठेकेदाराला मीटर ते फ्लॅट वायर दाखवा. 32 च्या एमसीबीसाठी मी 6 चौरस मिमी तांब्याची धरतो. 4 ची असेल तर पाइपात आणखी किती वायरी आहेत ते पाहून त्यालाच ठरवू द्या. मीटरच्या आधीचा, सील केलेला कटआऊट महावितरणचा असतो, त्याला कोणीही हात लावायचा नाही.

दुपारची_मीटिंग:
इंडक्शन लावलं की यूपीएस टकटक करतो. तेही भारामुळेच?

तारजोड:
ते व्होल्टेज उतरल्यामुळे. बारीक वायर किंवा ढिला जोड, बहुधा न्यूट्रलचा. मुख्य स्विच बंद करून ठेकेदाराकडून मीटरनंतरचे आणि घरातल्या बोर्डातले स्क्रू कसून घ्या, आणि काळवंडलेलं टोक दिसलं तर कापून नव्याने लावायला सांगा. हे काम भारवाढीची वाट पाहत थांबवू नका.

मीटरचं बटण दाबत गेलात तर MD आणि kW असा आकडा येतो. ती कमाल मागणी, अर्ध्या तासाची सरासरी. त्याचा फोटो काढा. काकांना पटवायला तो तुमच्या सांगण्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

दुपारची_मीटिंग:
आत्ता पाहिलं, 4.9 दिसतोय, मंजूर 2. काकांना हे पाठवू का?

"काका, नमस्कार. मीटरवर कमाल मागणी 4.9 किलोवॅट दिसते, मंजूर 2 आहे. फोटो जोडला आहे. 6 किलोवॅटचा अर्ज तुमच्या नावाने करायचा आहे. कागद मी तयार करते, तुमचा फक्त ओटीपी लागेल. फेज बदलत नाही, त्यामुळे स्थिर आकार वाढत नाही. टेस्ट रिपोर्ट आणि अर्जाचं शुल्क आम्ही भरतो. सुरक्षा ठेव तुमच्या खात्यात जमा राहते, म्हणून ती तुम्ही भरावी, किंवा आम्ही भरली तर घर सोडताना परत द्यावी. वायर बदलावी लागली तर तिचा खर्च आधी बोलून ठरवू."

तारजोड:
पाठवा. ठेवीचं वाक्य अजिबात काढू नका, नंतर वाद तिथेच होतो.

चक्रधर७:
वायर मालकाचीच. ती भिंतीत राहते, भाडेकरू घेऊन जाणार नाही.

अमृतवेल:
मीटर रूमपासून डक्टमधून जाणारी वायर काही सोसायट्या सामाईक धरतात. तिथे हात लावण्याआधी सेक्रेटरींना विचारा.

दुपारची_मीटिंग:
विचारते. डक्टची किल्ली त्यांच्याकडेच आहे. तोवर इंडक्शनच्या वेळी एक एसी बंद ठेवतोय.