कॅरोटिड डॉपलरमध्ये ६०% अरुंदपणा : कोणाला दाखवावे?

राजारामपुरीकर : माझ्या वडिलांचे वय ६४ असून त्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. उठताना चक्कर येते म्हणून येथेच, कोल्हापुरात, मानेच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर सोनोग्राफी केली. उजव्या अंतर्गत कॅरोटिडच्या मुळाशी प्लाक असून सुमारे ६०% अरुंदपणा आहे, असे रिपोर्टमध्ये लिहिले आहे. त्याच ओळीत पी.एस.व्ही., म्हणजे रक्ताचा सर्वोच्च वेग, ९४ सें.मी. प्रति सेकंद असा आकडा आहे. हात-पाय लुळे पडणे किंवा बोलणे अडखळणे असे कधीही झालेले नाही. एचबीए१सी ८.४ आणि एलडीएल १२८ आहे. पक्षाघाताचा धोका किती समजावा, आणि न्यूरॉलॉजिस्टकडे जावे की पुण्याला व्हॅस्क्युलर सर्जनकडे?

पंचगंगाकाठ : पन्नास टक्क्यांच्या वर गेले की शस्त्रक्रियेचा किंवा स्टेंटचा विचार करतात, असे आमच्या नात्यातील एका रुग्णाच्या वेळी सांगितले होते. त्यामुळे वेळ न दवडता थेट सर्जनला गाठावे.

शाहूपुरी_६२ : माझ्या अँजिओग्राफीत ७०% ब्लॉक निघाला होता आणि स्टेंट टाकल्यावर मी रंकाळ्यावर पूर्ववत फिरू लागलो. आपल्या वडिलांनाही तोच मार्ग योग्य ठरेल.

निवृत्त_सोनोलॉजिस्ट : शाहूपुरीकर, आपली नळी हृदयाची होती, मानेच्या नळीचे हिशेब वेगळे असतात. पंचगंगाकाठ यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. पन्नास टक्क्यांची ती मर्यादा मुख्यतः ज्यांना त्याच नळीमुळे नुकताच सौम्य झटका येऊन गेला आहे, त्यांच्यासाठी आहे, आणि तेथे दोन आठवड्यांच्या आत निर्णय घ्यावा लागतो. लक्षणेच नसतील तर ६०% वरही बहुतेकांना आधी औषधोपचारच देतात.

मला मात्र या रिपोर्टमधील दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, हे अधिक महत्त्वाचे वाटते. नळी खरोखर निम्म्याहून अधिक अरुंद असेल, तर त्या जागी रक्ताचा वेग साधारणपणे १२५ च्या पुढे जातो आणि ७०% झाल्यावर २३० ओलांडतो. वेग ९४ असताना ६०% कसे? बहुधा येथे व्यासाऐवजी आडव्या छेदाचे क्षेत्रफळ मोजले असावे. क्षेत्रफळ ६०% घटले, की व्यास सुमारे ३७ टक्क्यांनीच घटलेला असतो, आणि शस्त्रक्रियेच्या मर्यादा व्यासावर ठरलेल्या आहेत. म्हणून सर्जनकडे जाण्याआधी ज्यांनी तपासणी केली त्यांनाच विचारावे, की मोजमाप व्यासाचे की क्षेत्रफळाचे, आणि अंतर्गत नळीतील वेग खालच्या मुख्य नळीतील वेगाच्या किती पट आहे. उत्तर दोनपेक्षा कमी आले, तर माझा अंदाज बळावतो. हृदयाचे पंपिंग कमजोर असेल किंवा नळी जवळजवळ बंदच झाली असेल, तरीही वेग कमी दिसतो. म्हणून आकड्यांसोबत चित्रेही पाहावी लागतात.

पंचगंगाकाठ : म्हणजे ३७% असेल तर काळजीचे कारण नाही, असे म्हणावे का?

निवृत्त_सोनोलॉजिस्ट : तसे म्हणता येणार नाही. टक्केवारी लहान असली तरी प्लाक आहे, आणि मधुमेह्याच्या मानेत प्लाक दिसणे म्हणजे हृदयाच्या नळ्यांतही तो असण्याची शक्यता बरीच असते. शिवाय मधुमेह आणि रक्तदाब मेंदूतील अगदी बारीक रक्तवाहिन्या खराब करतात. त्यातून येणारा झटका मानेच्या डॉपलरमध्ये दिसतच नाही. त्यामुळे १२८ हे एलडीएल येथे खूप जास्त आहे. अशा रुग्णांत ते निदान ७० च्या खाली आणतात. ते कमी करणाऱ्या स्टॅटिनने साखर किंचित वाढते, म्हणून अनेक जण गोळी परस्पर बंद करतात. हा सौदा तोट्याचा आहे. रक्तदाबही १३०/८० च्या खाली राहावा. झटका नसताना अ‍ॅस्पिरिन द्यावे की नाही याविषयी मात्र डॉक्टरांत एकमत नाही. पोटातील रक्तस्रावाचा इतिहास पाहून ठरवतात.

चक्कर या नळीमुळे येत असेल असे मला वाटत नाही. झोपून आणि उभे राहून रक्तदाब मोजावा. दीर्घ मधुमेहात उभे राहताच तो घसरतो, आणि तसे असेल तर रक्तदाबाची औषधे त्यानुसार जुळवावी लागतात.

राजारामपुरीकर : तपासणी केंद्रात विचारले. मोजमाप क्षेत्रफळाचे होते आणि पट १.३ आहे. डावीकडे मात्र चुन्याच्या सावलीमुळे नीट दिसले नाही, असेही ते म्हणाले. तेथे सीटी अँजिओ करावी का? वडिलांचे क्रिएटिनिन १.६ आहे.

निवृत्त_सोनोलॉजिस्ट : लगेच करू नये. सावलीच्या पुढच्या भागात प्रवाह आणि वेग नेहमीसारखा दिसत असेल, तर मोठा अडथळा असण्याची शक्यता कमी. त्या क्रिएटिनिनवर सीटीसाठी शिरेतून डाय देण्याआधी न्यूरॉलॉजिस्ट आणि मूत्रपिंडाचे डॉक्टर यांनी मिळून ठरवावे. तोवर तोंड वाकडे होणे, एक हात गळणे, बोबडी वळणे किंवा एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखे होणे यांपैकी काहीही झाले आणि दहा मिनिटांत बरे वाटले, तरी त्याच तासाला रुग्णालय गाठावे, आणि वाटेत ग्लुकोमीटरने साखर बघावी, कारण साखर फार उतरली तरी हुबेहूब असेच दिसते.