सासरच्या ग्रुपवर काकांचे फॉरवर्ड: बोलावं की सोडून द्यावं?

वर्षा_कोथरूड
सासरच्या ग्रुपवर आमचे चुलत सासरे रोज धर्माचं नाहीतर राजकारणाचं काहीतरी टाकतात. काल मेकॉलेचं भाषण आलं: 'मी भारतभर फिरलो, एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही, यांची संस्कृती मोडल्याशिवाय हा देश ताब्यात येणार नाही.' मला शंका आहे. पण ते वयाने, मानाने मोठे आणि मी सून. ग्रुपवर बोलावं, खासगीत सांगावं की गप्प बसावं?

अनंत (निवृत्त उपसंपादक)
शंका रास्त आहे. त्या फॉरवर्डच्या तळाशी तारीख असते, २ फेब्रुवारी १८३५, ब्रिटिश संसद. मेकॉले जून १८३४ मध्ये मद्रासला उतरला आणि १८३८ पर्यंत इथेच नोकरीत होता. त्या दिवशी तो कलकत्त्यात होता, आणि लंडन गाठायला तेव्हा जहाजाने महिने लागत. शिवाय देशात येऊन त्याला जेमतेम आठ महिने झाले होते, तेवढ्यात भारतभर कुठून फिरणार?

गंमत म्हणजे तारीख खरी आहे. त्याच तारखेचं त्याचं शिक्षणावरचं टिपण प्रसिद्ध आहे. युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयातलं एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीचं, अशा अर्थाचं वाक्य त्यात आहे. म्हणजे खरा मेकॉले आपली स्तुती करत नाही, सरळ अपमान करतो.

ग्रुपवर एवढंच लिहा: 'काका, मेकॉलेचा राग मलाही येतो, पण हे भाषण त्याचं दिसत नाही. त्या दिवशी तो कलकत्त्यात होता. त्याने खरोखर लिहिलेलं याहून वाईट आहे, उतारा देते.' एकच मुद्दा, तोही त्यांना स्वतः पडताळता येईल असा. 'व्हॉट्सॲप विद्यापीठ' वगैरे टोमणे मारलेत की पुढचा आठवडा मेकॉले बाजूला आणि तुमचं वळण चर्चेला.

सांगलीचा_बाळू
ताई, गॅलरी भरत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा. आमच्या मावशींचे सुप्रभातचे फोटो आणि देवांचे व्हिडिओ यांनी माझा फोन लटकत होता, आता एकदम मोकळा.

वर्षा_कोथरूड
बाळूदादा, फोनमध्ये जागा आहे हो. डोक्यात राहिली नाही.

ॲड_देशमुख_फॅन
ग्रुपवर बोलण्यापेक्षा ॲडमिनला सांगा. धार्मिक तेढीचा मजकूर आला की पहिला ॲडमिन आत जातो. मी आमच्या भाऊजींना एवढंच सांगितलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी ग्रुपच 'फक्त ॲडमिन लिहू शकतात' असा करून टाकला.

अनंत (निवृत्त उपसंपादक)
अर्धं बरोबर. तेढ पसरवणाऱ्यावर गुन्हा होऊ शकतो, पूर्वी भारतीय दंड संहितेचं १५३अ होतं, जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं १९६. पण दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कोणी दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. त्याचा स्वतःचा त्यात हात असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे खोट्या फॉरवर्डला तुम्ही खोट्या भीतीने उत्तर दिलंत. आणि ग्रुप बंद केल्यावर भाऊजींच्या घरात बारशाचं आमंत्रण कसं जातं हेही कळवा.

मु_पो_कराड
मी स्वतः असाच काका आहे, म्हणून लिहितो. रोज सकाळी चार-सहा ठिकाणी पाठवतो. सगळं तपासत नाही, खोटं कशाला बोलू. पण आमच्या पुतण्याने मला ग्रुपवर दुरुस्त केलं ते फक्त त्याला न पटणाऱ्या पक्षाच्या वेळी. त्याच्या बाजूचं एक व्यंगचित्र खोट्या आकड्यासकट आलं तेव्हा त्याने हसरा चेहरा टाकला. मग माझी चूक काढली याचा अर्थ मी काय घ्यायचा? सुनबाईंनी आधी सांगावं, दोन्हीकडचं तपासता का?

आणि मोठ्यांना चारचौघांत बोलू नये. फोन करा, मी ऐकतो.

नीलाक्षी
काका, तुम्ही ऐकता, सगळे ऐकत नाहीत. माझ्या दिरांना मी दोनदा खासगीत सांगितलं, 'बरं' म्हणाले, आणि तो मजकूर ग्रुपवर तसाच राहिला. आठवीतल्या भाचीने तो शाळेच्या भाषणात वापरला. खासगीत सांगून एक माणूस सुधारतो, वाचणारे बाकीचे तिथेच राहतात.

पण दोन्हीकडचं तपासायचा मुद्दा मला पटला. मी तरी सगळ्या बाजूंचं तपासत नाही.

धुळ्याचा_माणूस
मेकॉले दोन दिवस थांबला तरी चालेल. सगळे फॉरवर्ड एका मापाने मोजू नका. १ जुलै २०१८ ला आमच्या जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागायला आले होते. बाजाराचा दिवस. त्याआधी मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज सगळीकडे फिरत होते.

त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ आठवतो? मोटरसायकलवरचे दोघं मूल उचलून नेतात. तो कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेला प्रचारपट होता. मूळ पटात ते मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. ते शेवटचं कापून टाकलं होतं.

असं काही आलं तर मान, वय, सून असं काही बघायचं नाही. त्याच मिनिटाला, त्याच ग्रुपवर, 'हे पुढे पाठवू नका, आधी पोलीस ठाण्यात विचारू' असं लिहायचं. मग हवं तर काकांना फोन करून माफी मागा.

वर्षा_कोथरूड
व्हिडिओ कापलेला आहे हे ओळखायचं कसं? आमच्याकडे दुहेरी बाण दिसला की मी सावध होते.

अनंत (निवृत्त उपसंपादक)
दुहेरी बाण म्हणजे तो मजकूर पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलाय, एवढंच. खरं-खोटं त्यावरून कळत नाही. आणि काकांनी मजकूर कॉपी करून चिकटवला तर बाण गायब होतो, म्हणून बाण नाही याचाही अर्थ काही नाही.

व्हिडिओ मध्येच थांबवून चेहरे किंवा दुकानाची पाटी दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्समध्ये टाका. तेच दृश्य जुन्या तारखेला, दुसऱ्या गावाच्या नावाने सापडलं तर काम झालं. पाट्यांची लिपी आणि गाड्यांच्या नंबरप्लेटही बघा, महाराष्ट्रातला प्रसंग म्हणून बंगाली पाट्या दिसतात कधीकधी. काहीच सापडलं नाही तर मात्र 'खोटं आहे' म्हणू नका. 'कुठला आहे ते मिळत नाही, तोवर पुढे नको' इतकंच म्हणा.

नीलाक्षी
अनंतराव, तुमच्या पहिल्या उत्तराबद्दल माझी तक्रार आहे. खोटं वाक्य काढून त्याजागी खरा अपमान ठेवायचा, म्हणजे काकांचा राग शाबूत आणि आता त्याला पुरावाही. हे काय साधलं?

अनंत (निवृत्त उपसंपादक)
राग काढून घेणं हे माझं काम नाही, बाई. टिपण वाचून राग येणारच, आणि तो रास्त आहे. पण तुमचा आक्षेप अगदीच पोकळ नाही. काही काकांना तो उतारा दिला की ते पुढचा फॉरवर्ड त्याच्याच जोरावर टाकतील. मला यावर पक्का तोडगा माहीत नाही.

शकुंतला_आजी
एक विचारते. वर्षाचे यजमान कुठे आहेत या सगळ्यात? त्यांचे काका, त्यांचा ग्रुप. सुनेने कशाला तोंड घालायचं?

वर्षा_कोथरूड
आजी, त्यांनी ग्रुप म्यूट केलाय. कायमचा. मी आज नणंदेला मेकॉलेचं सांगितलं, ती म्हणाली मी लिहिते, माझे तर सख्खे काका आहेत. आणि कराडकर काका, तुमचं खरं आहे. मागच्या महिन्यात मला आवडणाऱ्या नेत्याचं एक वाक्य आलं होतं, ते मी न तपासता हृदय टाकून सोडलं.

मु_पो_कराड
कोणाचं वाक्य? टाका इथे, बघू.