एक्झिक्युटरची जबाबदारी आली आहे: आधी देणी की आधी वाटे? हिशेब कसा ठेवायचा?

निनाद_के

मावशीने मृत्युपत्रात मला एक्झिक्युटर नेमलं होतं. प्रोबेट हातात आलं आहे, आता प्रत्यक्ष काम सुरू करायचं आहे.

मृत्युपत्रात असं आहे: फ्लॅट माझ्या धाकट्या बहिणीला. मावशीला सांभाळणाऱ्या ताईंना ६ लाख रुपये. एका वाचनालयाला ४ लाख. 'बाकी जे काही राहील ते' दोन मामेभावांना समान. मला स्वतःला काही नाही.

फ्लॅट सोडला तर ठेवी, बचत खातं आणि म्युच्युअल फंड मिळून १८ लाख होतात. मामेभावांचं गणित सरळ आहे: १८ वजा १० म्हणजे ८, प्रत्येकी ४, ते आत्ताच देऊन टाक. पण हॉस्पिटलचं बिल आणि बँकेचं पर्सनल लोन आहे. त्या ताईंना पैशांची नड आहे, त्यांचे ६ लाख तरी आधी दिले तर चालतील का?

सुबोध५५

निनाद, घाबरू नका, वाटतं तेवढं अवघड नाही. ज्या ठेवींना नॉमिनी आहे त्या यादीतून काढून टाका, ते पैसे नॉमिनीचे. उरलेल्यासाठी पेपरात जाहीर नोटीस द्या. मुदतीत कोणी आलं नाही की वाटप करून मोकळं व्हा, नंतर कोणी काही बोलू शकत नाही.

दप्तरी

सुबोधराव, नोटिशीचं अर्धं बरोबर आहे, नॉमिनीचं चुकलं. बँक नॉमिनीला पैसे देऊन स्वतः मोकळी होते, पण नॉमिनी मालक होत नाही. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. तेव्हा नॉमिनी कोणीही असो, ठेव यादीत आलीच पाहिजे.

नोटीस जरूर द्या. मुदत संपल्यावर वाटप केलं आणि ज्याची खबरच नव्हती असा धनको नंतर उगवला, तर एक्झिक्युटरला संरक्षण मिळतं. पण जे देणं तुम्हाला माहीत आहे ते नोटिशीला उत्तर आलं नाही म्हणून बुडत नाही. बँकेला आणि हॉस्पिटलला वेगळं पत्र लिहून मृत्यूच्या तारखेची बाकी लेखी मागवा. आणि ज्याची खबर नव्हती तो धनकोही वाटे मिळालेल्यांच्या मागे जाऊ शकतो.

निनाद, आता तुमचा मुख्य प्रश्न. ताईंचे ६ लाख आत्ता देऊ नका. का ते आकड्यांत दाखवतो, पण आधी ही माहिती द्या: हॉस्पिटल किती, लोन किती, प्रोबेटचा खर्च किती, आणि ताईंचा पगार थकला आहे का?

निनाद_के

अंत्यविधी ४० हजार आणि हॉस्पिटल ३ लाख १० हजार. दोन्ही मी माझ्या खिशातून भरलं, पावत्या आहेत. प्रोबेट आणि वकील १ लाख ७० हजार, तेही मीच. लोनची बाकी साडेतीन लाख. ताईंचा शेवटच्या दोन महिन्यांचा पगार ३० हजार राहिलाय. तो ६ लाखांतच धरायचा ना?

दप्तरी

नाही. पगार हे देणं आहे, ६ लाख ही मृत्युपत्रातली देणगी आहे. मृत्यूच्या आधीच्या तीन महिन्यांतला घरकामगाराचा थकलेला पगार भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे इतर सामान्य कर्जांच्याही आधी द्यायचा असतो. नड आहे म्हणताय तर तो उद्या द्या, पावती घ्या.

क्रम असा. सर्वांत आधी अंत्यविधी आणि अखेरच्या आजारपणाचा खर्च. मग प्रोबेट आणि कोर्टकामाचा. मग हा पगार. त्यानंतर बाकीची कर्जं, आणि ती एकाच पायरीवर: पैसे कमी पडले तर सगळ्यांना सारख्या प्रमाणात, जो जास्त फोन करतो त्याला आधी असं नाही. हे सगळं फिटल्यावरच देणग्या.

तुमचे आकडे: साडेतीन लाख, अधिक १ लाख ७० हजार, अधिक ३० हजार, अधिक साडेतीन लाख. एकूण ९ लाख. तुम्ही खिशातून घातलेले पैसे यातूनच परत घ्यायचे आहेत. १८ मधून ९ गेले, उरले ९. मृत्युपत्रात रोख देणग्या १० लाखांच्या. म्हणजे 'बाकी' काही उरतच नाही आणि मामेभावांचा वाटा शून्य होतो. तूट आली की सर्वांत आधी 'बाकी सगळं' मिळणाऱ्याचा वाटा आटतो.

त्यानंतर ठरावीक रकमेच्या देणग्या प्रमाणात कमी होतात. इथे प्रत्येक रुपयामागे ९० पैसे: ताईंना ५ लाख ४० हजार, वाचनालयाला ३ लाख ६० हजार. फ्लॅट ही नाव घेऊन दिलेली वस्तू आहे. फ्लॅटला हात न लावता कर्जं फिटत असतील तर देणग्यांची तूट भरायला तो विकायचा नाही.

आता समजा तुम्ही ताईंना ६ लाख देऊन टाकले असते. हातात राहिले असते ३, आणि वाचनालयाचा हक्क ३ लाख ६० हजारांचा. मधले ६० हजार कोण देणार? एक्झिक्युटरने आपणहून देणगी दिली आणि नंतर बाकीच्यांना पैसे पुरले नाहीत, तर कायद्याप्रमाणे तो ती देणगी मिळालेल्याकडून परत मागू शकत नाही. कोर्टाच्या आदेशाने दिली असेल तरच मागू शकतो. म्हणजे ते ६० हजार तुमच्या खिशातून.

मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत एक्झिक्युटरवर देणगी द्यायची सक्ती नसते. भाऊ घाई करत असतील तर हे शांतपणे सांगा.

मंजिरी_प

इथेच विचारते. आमच्या सासऱ्यांनी मृत्युपत्र केलंय, दोन साक्षीदार आहेत, पण एक्झिक्युटर म्हणून कोणाचं नावच नाही. मोठे दीर म्हणतात मी सगळ्यात मोठा, म्हणून मीच एक्झिक्युटर. आम्ही काय करायचं?

दप्तरी

मंजिरीताई, मोठं असल्याने कोणी एक्झिक्युटर होत नाही. एक्झिक्युटर नसेल तर इस्टेट सांभाळायचा अधिकार देणारं प्रशासनपत्र कोर्टाकडून मिळतं, तुमच्या प्रकरणात त्यासाठी मृत्युपत्र जोडून अर्ज करता येईल. वेगळा धागा काढा, इथे दोन्ही प्रकरणांचा गुंता होईल.

हिशेबी

वाटपाबद्दल दप्तरींनी सांगितलंच आहे. मी यादी आणि वहीबद्दल लिहितो, कारण भांडणं बहुतेक तिथूनच सुरू होतात.

यादीत प्रत्येक गोष्टीची मृत्यूच्या दिवशीची किंमत लिहायची, आजची नाही. म्युच्युअल फंडाला त्या तारखेची एनएव्ही. एफडीला मुद्दल आणि त्या तारखेपर्यंत चढलेलं व्याज. लॉकर असेल तर एकट्याने उघडू नका: दोन लाभार्थी किंवा साक्षीदार बोलवा, जागेवरच पंचनामा करा, दागिने नगानुसार आणि वजनानुसार लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या.

राहून गेलेल्या वस्तू शोधायला किमान दोन वर्षांचं पासबुक ओळ न ओळ वाचा. वर्षातून एकदाच, त्याच महिन्यात, तेवढीच रक्कम जात असेल तर बहुधा ती विमा पॉलिसी असते. दर महिन्याची ठरलेली वजावट म्हणजे एसआयपी किंवा हप्ता. आयकर पोर्टलवरचं एआयएस, म्हणजे वार्षिक माहितीचं विवरण, काढलंत तर विसरलेल्या ठेवींचं व्याज आणि लाभांश दिसतो. ही यादी प्रोबेटपासून सहा महिन्यांत कोर्टात द्यायची असते आणि हिशेब एका वर्षात. तारखा आजच कॅलेंडरवर टाका.

बँकेत मावशींच्या इस्टेटीच्या नावाने वेगळं खातं उघडा. तुमच्या खात्यातून एक रुपयाही फिरवू नका, नाहीतर कुठलं व्याज कोणाचं हे नंतर सुटत नाही. वहीत मृत्यूची तारीख म्हणजे रेघ. तिच्या आधी चढलेलं व्याज मुद्दलाच्या बाजूला, नंतरचं उत्पन्नाच्या बाजूला. नोंद अशी दिसली पाहिजे:

जमा: एफडी क्र. २ मोडली, मुद्दल ५,००,०००. मृत्यूपर्यंतचं व्याज १४,२००. नंतरचं व्याज ६,१००. टीडीएस वेगळ्या ओळीत.
खर्च: हॉस्पिटल, निनाद यांना परतफेड ३,१०,०००, पावती क्र. ७.

'इतर खर्च' असं खातं काढूच नका. कोर्टात आणि नातेवाइकांतही पहिलं बोट त्याच ओळीवर पडतं.

सोसायटीचा मेंटेनन्स मृत्यूच्या दिवसापर्यंतचा इस्टेटीतून, पुढचा तुमच्या बहिणीकडून. रिटर्नही दोन वेगळी: मृत्यूपर्यंतच्या उत्पन्नाचं मावशींच्या पॅनवर, आणि नंतरच्या उत्पन्नाचं इस्टेटीचं, वाटप पूर्ण होईपर्यंत दरवर्षी. दोन्हींचा कर इस्टेटीतून जाणार, त्यामुळे तो ठरेपर्यंत ९ लाखांचा आकडा पेन्सिलने लिहिलेला समजा.

निनाद_के

फार उपयोगी. आता अडचण अशी की नोटीस दिल्यावर मावशीच्या एका मैत्रिणीचा फोन आला. त्यांनी १ लाख हातउसने दिले होते म्हणतात. मावशीच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी आहे, सही आहे, पण तारीख साडेचार वर्षांपूर्वीची.

सुबोध५५

सही आहे ना, मग देऊन टाका. मावशीची अब्रू आहे.

दप्तरी

सुबोधराव, अब्रू मावशीची पण पैसे ताईंचे आणि वाचनालयाचे. हे १ लाख दिले तर उरतात ८. मग प्रमाण ८० पैशांवर येतं: ताईंना ४ लाख ८० हजार, वाचनालयाला ३ लाख २० हजार.

उसनवारीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची. मधल्या काळात मावशींनी थोडी परतफेड करून त्याची सहीनिशी नोंद ठेवली असेल, किंवा मुदतीच्या आत लेखी कबुली दिली असेल, तर मुदत पुन्हा नव्याने सुरू होते. म्हणून पासबुकात त्या बाईंच्या नावाने काही रक्कम गेली आहे का ते बघा आणि त्यांच्याकडून सगळे कागद मागवा. तोवर फोनवर किंवा मेसेजवर 'हो, देणं आहे' असं काहीही लिहू नका.

हिशेबी

मुदत गेली असली तरी एक्झिक्युटरने प्रामाणिकपणे फेडलं तर चालतं असं काही वकील मानतात. दप्तरी, तुमचं मत?

दप्तरी

मी तरी लाभार्थ्यांच्या लेखी संमतीशिवाय देणार नाही. ताई आणि वाचनालय दोघांनीही सही केली तर हरकत नाही. वाचनालयाचे विश्वस्त मात्र सहजासहजी करणार नाहीत, त्यांनाही त्यांचा हिशेब द्यायचा असतो.

निनाद_के

पासबुकात तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या सुमारास त्यांच्या नावाने १० हजार गेलेले दिसतात. भेट की परतफेड, नोंदीत काही नाही.

दप्तरी

तो चेक असेल तर बँकेकडून त्याची प्रत मागवा, मागे काही लिहिलेलं असू शकतं. ट्रान्सफर असेल तर शेरा बघा. ते हाती येईपर्यंत १ लाख बाजूला ठेवा आणि ८० पैशांच्या हिशेबानेच वाटप करा. दावा टिकला नाही तर उरलेले १० पैसे दुसऱ्या हप्त्यात द्या, आणि पावतीवर 'अंतरिम वाटप' असं लिहून घ्या.

मंजिरी_प

नवीन धागा काढलाय, दप्तरीकाका, वेळ मिळाला की बघा.